मोटर फिरते, पण कपडे हलत नाहीत

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत एक तक्रार आम्ही वरचेवर ऐकतो आहोत. वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरतं, मोटरचा आवाज येतो, लाइट लागतात, पण आतले कपडे जागचे हलत नाहीत. अर्ध्या तासाने झाकण उघडावं तर साबणाच्या पाण्यात कपडे नुसते भिजत पडलेले. मेकॅनिकला फोन केला की तो विचारतो, "मशीन किती जुनं आहे?" आणि बघण्याआधीच सांगतो, "गिअरबॉक्स गेला असेल." त्याचं म्हणणं कधी खरं असतं, पण पुष्कळदा बिघाड त्याहून लहान असतो. तो कुठे आहे हे आपल्याला घरी बसून बऱ्यापैकी ओळखता येतं. आज ते कसं ओळखायचं एवढंच बोलू.

आम्ही बोलतो आहोत ते वरून कपडे टाकायच्या मशीनबद्दल. आपल्याकडे या मशीनच्या तळाशी एक पसरट चकती असते, तिला मेकॅनिक पल्सेटर म्हणतात. काही मशीनमध्ये चकतीऐवजी मधोमध उभा खांब असतो, त्याला एजिटेटर म्हणतात. दोघांचं काम एकच, पाणी आणि कपडे घुसळायचं. आपण दोन्हीला चकतीच म्हणू.

आधी आवाज ऐका

धुण्याच्या वेळी मोटर काही सेकंद एका बाजूला फिरते, थांबते, मग उलट फिरते. असा थांबत थांबत येणारा फिरण्याचा आवाज येत असेल तर मोटर चालू आहे. पण नुसतं "हुंऽऽ" असं घुमल्यासारखं येत असेल आणि फिरण्याचा आवाज नसेल, तर मोटर अडकली आहे किंवा तिचा कपॅसिटर कमजोर झाला आहे. मशीन लगेच बंद करा, कारण घुमत राहिलेली मोटर जळते. ते दुखणं वेगळं, आणि ते विजेचं काम जाणणाऱ्यानेच बघायचं. आजचं आपलं दुखणं म्हणजे मोटर नीट फिरते आहे, पण तिचं फिरणं चकतीपर्यंत पोचत नाही.

फिरणं पोचतं कसं

हे समजायला आपलं शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. पायाने खालचं चाक फिरतं, पट्ट्याने वरचं चाक फिरतं आणि वरच्या चाकाने सुई हलते. वॉशिंग मशीनमध्येही तसंच आहे. मोटरच्या दांड्यावर एक लहान चाक असतं, त्याला पुली म्हणतात. त्या पुलीवरून रबरी पट्टा टबाखालच्या मोठ्या पुलीवर जातो. मोठ्या पुलीच्या वर क्लच आणि गिअर एकाच डब्यात बसवलेले असतात. त्या डब्यातून एक दांडा वर टबात येतो आणि त्याच्या टोकावर चकती बसते.

आता क्लच म्हणजे काय? शिलाई मशीनवर बॉबिन भरताना आपण काय करतो? वरच्या चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल करतो. मग चाक फिरतं, बॉबिन भरते, पण सुई जागेवर थांबते. स्क्रू आवळला की सुई पुन्हा चाकाबरोबर चालते. एकाच चाकाला कधी सुई जोडायची, कधी सोडायची, ही सोय म्हणजे क्लच.

वॉशिंग मशीनचा क्लच सुईऐवजी आतला भोकाभोकांचा ड्रम जोडतो आणि सोडतो. कपडे धुताना ड्रम स्थिर राहायला हवा आणि फक्त चकती फिरायला हवी. म्हणून तेव्हा क्लच सुटलेला असतो आणि ब्रेकने ड्रम धरून ठेवलेला असतो. कपडे पिळताना, म्हणजे स्पिनच्या वेळी, ब्रेक सुटतो, क्लच जोडला जातो आणि ड्रम व चकती एकत्र गरगर फिरतात. एवढं लक्षात राहिलं की पुढचं सोपं आहे.

पिळण्याची परीक्षा

पहिली परीक्षा मशीन न उघडता करायची. टबात चार-पाच ओले कपडे सगळीकडे सारखे पसरून ठेवा, झाकण लावा आणि फक्त स्पिन लावा. मशीन थांबल्यावर कपडे बघा. ते ड्रमच्या कडेला चिकटलेले आणि चांगले पिळलेले असतील, तर मोटर, दोन्ही पुल्या आणि पट्टा यांनी आपलं काम केलं आहे. मग दोष पुढे, चकतीत किंवा क्लचमध्ये शोधायचा. कपडे तसेच ओले गच्च असतील, म्हणजे धुणंही नाही आणि पिळणंही नाही, तर दोष अलीकडे, पट्ट्यात किंवा पुलीत असण्याचा संभव जास्त. रिकामं मशीन चालतं आणि कपडे टाकले की थांबतं, असं असेल तरी आधी पट्टाच बघायचा. सैल पट्टा हलकं ओझं ओढतो आणि जड ओझ्याला घसरतो.

हाताची परीक्षा

आता मशीनमधलं पाणी काढून टाका आणि प्लग भिंतीतून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मग एका हाताने ड्रम धरा आणि दुसऱ्या हाताने चकती दोन्ही बाजूंना फिरवून बघा.

चांगल्या मशीनमध्ये चकती फिरते, पण जरा जोर लावावा लागतो, कारण तिच्यामागे गिअर, पट्टा आणि मोटर एवढं सगळं फिरत असतं. खालून त्याचा आवाजही येतो. चकती सैल झाकणासारखी अलगद फिरत असेल आणि खालून काहीच आवाज येत नसेल, तर ती दांड्यावरून सुटली आहे. आणि ड्रम धरला की चकती हलतच नाही, किंवा एका बाजूला फिरते आणि दुसऱ्या बाजूला ड्रमला बरोबर ओढते, असं असेल तर क्लच सुटायला हवा तो सुटलेला नाही.

चकती काढून बघणं

चकती अलगद फिरत असेल तर ती काढून बघणं आपल्याला जमण्यासारखं आहे. मधोमध एक झाकणी असते किंवा थेट स्क्रू दिसतो. तो काढायचा. चकती पाण्याने आणि साबणाने घट्ट बसलेली असते, म्हणून कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लास्टिक तुटतं. चकतीच्या भोकांतून समोरासमोर दोन मजबूत दोऱ्या ओवा आणि दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावून सरळ वर ओढा.

वर आली की तिची खालची बाजू बघा. मध्ये एक भोक असतं आणि त्याच्या आत बारीक उभे दाते असतात. टबातल्या लोखंडी दांड्यावरही तसेच दाते असतात. दोन्ही एकमेकांत बसले तर दांड्याबरोबर चकती फिरते. प्लास्टिकचे दाते झिजून भोक आतून गुळगुळीत झालं असेल, तर दांडा आतल्या आत फिरतो आणि चकती जागेवर राहते. मधला स्क्रू सैल राहिला किंवा जड गोधड्या, सतरंज्या वारंवार टाकल्या की हे दाते लवकर झिजतात. नवी चकती घेताना जुनी बरोबर न्या. नुसती रुंदी जुळून भागत नाही, मधल्या भोकाचे दातेही मोजून जुळवा. भोकात कापड किंवा सुतळी कोंबून काम भागवणारे असतात. दोन धुण्यांत ते सुटतं आणि लोखंडी दांड्याचे दातेही खराब होतात.

चकती काढलीच आहे तर तिच्याखाली काय अडकलं आहे तेही बघा. नाणी, सेफ्टी पिना, लहान मुलांचे मोजे तिथे सापडतात. दांड्यावर पातळ वॉशर असतील तर ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत घाला.

पट्टा आणि पुली

धुणं आणि पिळणं दोन्ही बंद असेल तर मशीनच्या खाली बघावं लागतं. पट्टा काही मशीनमध्ये मागची पत्र्याची पाटी काढल्यावर दिसतो, काहींमध्ये मशीन आडवं करावं लागतं. हे काम दोघींनी मिळून करायचं. पाणी पूर्ण काढा, प्लग काढलेला आहे ना हे पुन्हा बघा, जमिनीवर गोधडी अंथरा आणि मशीन हळूच एका कुशीवर टेकवा. मोटरजवळ एक लहान डबी असते, तिला दोन वायरी जोडलेल्या असतात. तो कपॅसिटर. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते, म्हणून त्याला हात लावायचा नाही.

पट्टा निसटून खाली पडलेला असेल तर ते लगेच दिसतं. जागेवर असेल तर दोन पुल्यांच्या मधोमध बोटाने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. हाताला लोंबत्या दोरीसारखा लागला तर सैल. मग त्याची आतली बाजू बघा. ती काचेसारखी चकचकीत झाली असेल, तिला भेगा पडल्या असतील किंवा आजूबाजूला काळा भुगा सांडला असेल, तर पट्टा घसरत होता.

पट्टा चांगला असून फक्त सैल असेल तर तो ताणता येतो. मोटर ज्या नटबोल्टांवर बसवलेली असते त्यांची भोकं लांबट असतात. नट थोडे ढिले करायचे, मोटर मागे सरकवायची आणि पुन्हा आवळायचे. तारेसारखा ताठ करू नका, त्याने बेअरिंगवर ताण येतो. भेगा पडल्या असतील तर नवा घ्या. पट्ट्यावर नंबर छापलेला असतो, तो वाचून त्याच नंबरचा मागा.

पट्टा ठीक दिसला तर एका हाताने तो धरून मोटरची लहान पुली हलवून बघा. ती दांड्यावर स्क्रूने बसवलेली असते. तो स्क्रू सैल झाला की मोटरचा दांडा पुलीच्या आत फिरतो, पुली मात्र थांबून राहते. असा बिघाड पाना लावून दोन मिनिटांत नीट होतो.

इथे एक सूचना. मशीन उघडं असताना ते चालू करून बघायचा मोह होतो. तो टाळा. पदर, ओढणी, वेणी पट्ट्यात जायला क्षण पुरतो.

क्लचचा खटका

आता तिसरी जागा, आणि याच जागी सगळ्यात जास्त फसगत होते. मोठ्या पुलीच्या वर नीट पाहिलं तर एक दातेरी चाक दिसतं आणि त्याच्या दात्यात अडकणारा एक खटका दिसतो. खटका दात्यात बसलेला असला की क्लच सुटलेला, म्हणजे धुण्याची स्थिती. पिळायची वेळ आली की एक छोटी मोटर वायर ओढते, त्या वायरीने एक लिव्हर सरकतो, ब्रेक सुटतो, खटका दात्यातून बाहेर येतो आणि क्लच जोडला जातो. पिळणं संपलं की स्प्रिंगच्या जोरावर लिव्हर परत येतो आणि खटका पुन्हा दात्यात बसतो.

आता हा लिव्हर पूर्ण परत आला नाही तर काय होईल? समजा तो जवळजवळ परत आला, म्हणजे ब्रेकने ड्रम धरला, पण खटका मात्र दात्यात बसला नाही. मग क्लचने चकती आणि ड्रम बांधलेले आणि ब्रेकने ड्रम धरलेला. मोटर ओढते आहे, चकतीला फिरता येत नाही आणि मधला पट्टा घसरून जळतो आहे. बाहेरून दिसतं एवढंच की मोटर चालू आहे, कपडे हलत नाहीत आणि रबर जळल्याचा वास येतो. लिव्हर त्याहून मागे अडकला तर ब्रेकही सुटलेला राहतो आणि धुतानाच ड्रम चकतीबरोबर फिरायला लागतो.

आमच्या परिसरातल्या एका गटाचं उदाहरण सांगतो. हा गट वसतिगृहाच्या चादरी धुऊन देतो. त्यांच्या मशीनमध्ये चादरी हलेनाशा झाल्या. मेकॅनिकने पट्टा बदलला, 350 रुपये घेतले. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि जळका वास. आता तो म्हणाला की गिअरबॉक्स गेला, साडेचार हजार लागतील. चादरींचा महिन्याचा हिशोब अडलेला, त्यामुळे गट पैसे द्यायला तयारही झाला होता. पण बायकांनी आधी दोन्ही परीक्षा करून बघायचं ठरवलं.

पिळण्याची परीक्षा केली तर चादरी उत्तम पिळल्या गेल्या. म्हणजे मोटर आणि पुल्या ठीक. प्लग काढून चकती हाताने फिरवली तर ती एका बाजूला फिरली आणि दुसऱ्या बाजूला ड्रमला ओढू लागली. म्हणजे चकतीचे दाते झिजलेले नव्हते, क्लच सुटत नव्हता. मग त्यांनी एक गोष्ट बघितली, जी कुणीही बघू शकते. धुण्याच्या वेळी टबातलं पाणी टिकतं का? बऱ्याच मशीनमध्ये जी छोटी मोटर क्लचची वायर ओढते, तीच पाणी सोडायचा व्हॉल्व्हही उघडते. ती मोटर मागे आली नसती तर पाणीही वाहून गेलं असतं. इथे पाणी टिकत होतं. म्हणजे छोटी मोटर आपल्या जागी परत येत होती, अडत होता तो लिव्हर.

मशीन कुशीवर घेतल्यावर कारण दिसलं. वरच्या पाइपाची क्लिप सैल होती, तिथून साबणाचं पाणी थेंब थेंब लिव्हरच्या खिळीवर पडत होतं आणि खिळी गंजली होती. लिव्हर हाताने ओढून सोडला तर तो सुस्तपणे परत येई आणि खटका दात्याच्या अलीकडेच थांबे. त्यांनी गंज ब्रशने साफ केला, खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकले आणि लिव्हर दहा-बारा वेळा हलवला. शेवटी तो सोडला की "टक" असा आवाज करून खटका दात्यात बसू लागला. घसरून चकचकीत झालेला पट्टा पुन्हा बदलावा लागला आणि पाइपाची क्लिप आवळली. खर्च झाला तो एका पट्ट्याचा आणि क्लिपचा. गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही.

तेल टाकताना जपा. ते फक्त खिळीवर टाकायचं. पट्ट्यावर, पुलीवर किंवा ब्रेकच्या पट्टीवर ओघळलं तर पट्टा घसरेल आणि ब्रेक धरणार नाही.

आपलं काम कुठे संपतं

चकतीचे दाते चांगले आहेत, पट्टा ताठ आहे, खटका दात्यात नीट बसतो आहे, आणि तरी हाताने मोठी पुली फिरवली की वरचा दांडा फिरत नाही, असं असेल तर क्लच-गिअरच्या डब्याच्या आतला गिअर तुटला आहे. तो डबा उघडून घरी नीट होत नाही, तो अख्खा बदलतात. मोठ्या पुलीजवळ तेलकट गंजाचे ओघळ असतील आणि पिळताना मोठा घरघराट येत असेल, तर पाणी आत शिरून बेअरिंगही गेलं आहे असं समजा. तिथे मेकॅनिक खरं बोलतो आहे. मग मशीनचं वय आणि खर्च यांचा हिशोब गटाने करावा.

ज्यांच्याकडे दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे त्यांच्यासाठीही चकती आणि पट्टा या दोन जागा तशाच बघायच्या. फक्त त्यात पिळायची मोटर वेगळी असते, म्हणून पिळण्याच्या परीक्षेवरून धुण्याच्या पट्ट्याबद्दल काही कळत नाही आणि हा खटकाही नसतो. काही नव्या मशीनमध्ये मोटर थेट टबाखाली बसवलेली असते, त्यांना पट्टाच नसतो. आणि मशीन वॉरंटीत असेल तर स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा. पिळण्याची आणि हाताची परीक्षा करा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा "मशीन बिघडलं" असं सांगू नका. तीन गोष्टी सांगा. पिळणं चालतं की नाही, चकती हाताला अलगद लागते की ड्रमला ओढते, आणि धुताना पाणी टिकतं की नाही. ही तीन उत्तरं ऐकली की कोणता सुटा भाग बरोबर आणायचा हे त्याला कळतं, आणि समोरच्या बाईने मशीन बघितलं आहे हेही कळतं. बदललेला जुना भाग त्याच्याकडून मागून घ्या, दाते किंवा पट्टा स्वतः बघा आणि गटाच्या वहीत तारीख घालून त्याची नोंद ठेवा. पुढच्या वेळी तोच भाग महिनाभरात पुन्हा गेला, तर खरं कारण दुसरीकडे आहे हे त्या नोंदीवरून तुमच्या लगेच लक्षात येईल.